मित्राचा रेझ्युमे, विभागप्रमुखांना मेल आणि शिफारशीची मर्यादा

प्रश्न: मी बुटीबोरी एमआयडीसीतील एका कारखान्यात उत्पादन नियोजन बघतो. आमच्याकडे इलेक्ट्रिकल मेंटेनन्स इंजिनिअरची जागा निघाली आहे आणि माझा एक मित्र तिथे बसेल असे मला वाटते. 2018 ते 2021 आम्ही हिंगण्यात एकाच कारखान्यात होतो. त्यानंतर चौदा महिने त्याला नोकरी नव्हती, आता तो एका कॉन्ट्रॅक्टरकडे आहे. जाहिरातीत पीएलसी मागितले आहे, ते त्याला फारसे येत नाही. मेंटेनन्स हेड सरांना रेझ्युमे पाठवताना मेलमध्ये काय लिहू? खोटे लिहायचे नाही, पण त्याची संधीही घालवायची नाही.

उत्तर:

शिफारशीचा मेल वाचताना विभागप्रमुखाला एवढेच ठरवायचे असते, की या माणसाला मुलाखतीला बोलवायचे की नाही. नोकरी द्यायची की नाही हा निर्णय नंतरचा असतो आणि तो मुलाखत, शॉप फ्लोअरवरची प्रत्यक्ष परीक्षा आणि मनुष्यबळ विभागाची पडताळणी यांवर ठरतो. त्यामुळे तुमच्या मेलने मित्राला नोकरी मिळवून द्यावी हे ओझे मेलवर टाकू नका. मी नागपूरच्या परिसरातील कारखान्यांसाठी बरीच वर्षे भरतीचे काम करते आहे, आणि माझ्या पाहण्यात चांगल्या मित्रांचे नुकसान निंदेने फारसे झालेले नाही. ते बहुतेक वेळा पोकळ स्तुतीने झाले आहे. ‘अत्यंत मेहनती, प्रामाणिक, शिकण्याची तयारी असलेला’ हे वाक्य विभागप्रमुखांनी इतक्या मेलमध्ये वाचलेले असते, की त्यातून त्यांना फक्त एवढेच कळते, की लिहिणाऱ्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते.

मेल लिहिण्यापूर्वी मित्राशी एकदा नीट बोलणे आवश्यक आहे. पहिली बाब संमतीची. त्याने ‘कुठे जागा असेल तर सांग’ असे म्हटले असेल, तर ती या कंपनीत या जागेसाठी रेझ्युमे पाठवण्याची संमती होत नाही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, 2023 आल्यापासून कंपन्या या बाबतीत अधिक काटेकोर झाल्या आहेत, पण कायदा बाजूला ठेवला तरी बुटीबोरी, हिंगणा आणि मिहान मिळून आपले औद्योगिक वर्तुळ एवढे लहान आहे, की रेझ्युमे कोणाकडे गेला हे त्याला दुसऱ्याकडून कळण्याची शक्यता बरीच असते. त्याच वेळी रेझ्युमे एकदा उघडून वाचा. आपल्याकडे अजूनही वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती, जन्मतारीख, कधी कधी आधार क्रमांकही रेझ्युमेत लिहिला जातो. आधार आणि पॅन क्रमांक तर काढायलाच सांगा. ते नेमणुकीच्या वेळी मनुष्यबळ विभाग मागून घेतो, त्यापूर्वी कोणालाही ते लागत नाहीत.

दुसरी बाब अधिक व्यवहाराची आहे. त्याने याच जागेसाठी नोकरीच्या संकेतस्थळावरून अर्ज केला आहे का, किंवा एखाद्या प्लेसमेंट कन्सल्टंटने त्याचा रेझ्युमे तुमच्या कंपनीकडे पाठवला आहे का, हे स्पष्ट विचारा. कन्सल्टंटचे शुल्क साधारणपणे उमेदवाराच्या वार्षिक पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराएवढे असते. सहा लाखांच्या पॅकेजवर ते सुमारे पन्नास हजार रुपये होते. एकच उमेदवार कन्सल्टंटकडून आणि कर्मचाऱ्याच्या रेफरलमधून असा दोन वाटांनी आला, की तो कोणाचा यावर वाद होतो. बहुतेक कंपन्यांत भरती प्रणालीतील आधीची नोंद ग्राह्य धरली जाते आणि ती काही महिने टिकते. या वादात उमेदवाराचा दोष काहीच नसतो, पण फाइल मात्र त्याचीच अडकते. म्हणून तुमच्या कंपनीत रेफरल पोर्टल असेल तर आधी तिथे नोंद करा आणि मगच विभागप्रमुखांना मेल पाठवा. उलट क्रम केला, तर विभागप्रमुख तुमचा मेल तसाच मनुष्यबळ विभागाकडे ढकलतात, तिथला कर्मचारी तो रेझ्युमे स्वतः प्रणालीत भरतो, आणि नंतर रेफरलच्या रकमेसाठी तुम्हाला पत्रव्यवहार करत बसावे लागते.

आता पीएलसीचा विचार करू, कारण तुमच्या प्रश्नातील खरी अडचण तीच आहे. ‘फारसे येत नाही’ हे वर्णन मेलमध्ये लिहिण्याजोगे नाही. ते खोटे आहे म्हणून नव्हे, तर त्यातून काहीच कळत नाही म्हणून. देखभालीच्या कामात पीएलसी येणे याच्या किमान तीन पायऱ्या असतात. पहिली, पॅनेलवरचे इनपुट-आउटपुटचे दिवे पाहून कोणता सेन्सर सिग्नल देत नाही हे ओळखणे. दुसरी, लॅपटॉप जोडून लॅडर ऑनलाइन पाहणे आणि कोणत्या अटीमुळे मशीन थांबले आहे ते शोधणे. तिसरी, प्रोग्रॅममध्ये बदल करणे किंवा नवा प्रोग्रॅम लिहिणे. रात्रपाळीच्या बिघाडात पहिल्या दोन पायऱ्या कामी येतात. तिसरीसाठी बरेच कारखाने मशीन पुरवठादाराला बोलावतात आणि पाळीतल्या अभियंत्याला प्रोग्रॅम बदलण्याची परवानगीही देत नाहीत. तेव्हा मित्राला विचारा की तो कोणत्या पायरीवर आहे, आणि स्वतःला विचारा की यातले तुम्ही प्रत्यक्ष काय पाहिले आहे.

त्यानंतर मनुष्यबळ विभागातील ज्या व्यक्तीकडे ही जागा आहे तिला विचारा, की पीएलसी अनिवार्य आहे की असल्यास उत्तम. जाहिरातीचा मजकूर अनेकदा मागच्या जाहिरातीवरून उचललेला असतो आणि त्यात ड्राइव्ह, पीएलसी, स्काडा असे सगळेच घातलेले असते. उत्तर ‘प्रोग्रॅमिंग अनिवार्य’ असे आले, कारण विभाग स्वतःचे ऑटोमेशन करणार आहे, तर या जागेसाठी मित्राची शिफारस करू नका. त्याऐवजी त्याचा रेझ्युमे पोर्टलवर साध्या नोंदीने ठेवा आणि दुसरी जागा निघाल्यावर बोला. विद्युत पर्यवेक्षकाच्या परवान्याबद्दलही याच वेळी चौकशी करून घ्या. काही जागांना तो लागतोच, आणि मित्राकडे तो आहे की नाही व त्याची मुदत शिल्लक आहे की नाही, हे मुलाखतीच्या टेबलावर उघड होण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

एवढी तयारी झाली, की मेलचा मजकूर स्वतःहूनच आकार घेतो, कारण तुमच्याकडे आता तीन वेगळ्या प्रकारची माहिती असते. काही गोष्टी तुम्ही डोळ्यांनी पाहिल्या आहेत, काही मित्राने सांगितल्या आहेत आणि काही तुम्हाला ठाऊक नाहीत. प्रामाणिक शिफारस म्हणजे या तिन्ही गोष्टी एकमेकींत मिसळू न देणे. तुम्ही देखभाल विभागाचे नाही ही इथे उणीव नाही. मशीन बंद पडल्यावर शेजारी उभे राहून जो वाट पाहतो, त्याला अभियंत्याच्या कामाची एक बाजू त्याच्या वरिष्ठांपेक्षाही जवळून दिसते: तो किती वेळात पोहोचला, त्याने आधी काय तपासले, लाइन सुरू होण्याची वेळ सांगितली ती खरी ठरली का, आणि तोच बिघाड चार दिवसांनी पुन्हा आला का.

खाली एक मसुदा देते. त्यातला प्रसंग मी नमुन्यादाखल योजला आहे. तिथे तुम्ही पाहिलेला प्रसंग घालायचा आहे, आणि तसा एकही आठवत नसेल तर तो परिच्छेद लिहायचाच नाही. तुमच्याकडे कार्यालयीन मेल इंग्रजीत जात असतील तर इंग्रजीत लिहा, पण परिच्छेदांचा क्रम हाच ठेवा.

विषय: इलेक्ट्रिकल मेंटेनन्स इंजिनिअर, जागा क्रमांक (…) – (मित्राचे पूर्ण नाव) यांचा रेझ्युमे

आदरणीय सर,

आपल्या विभागातील वरील जागेसाठी (मित्राचे पूर्ण नाव) यांचा रेझ्युमे त्यांच्या संमतीने सोबत जोडला आहे. रेफरल पोर्टलवर त्यांची नोंद मी काल केली आहे. ते माझे मित्र आहेत, आणि त्यांची निवड झाल्यास कंपनीच्या नियमानुसार मला रेफरलची रक्कम मिळू शकते, हे आधीच नमूद करतो.

2018 ते 2021 या काळात आम्ही हिंगण्यातील एकाच कारखान्यात होतो. मी उत्पादनात होतो आणि ते पाळीचे देखभाल अभियंता होते. तिथे पॅकिंग लाइनवरील कन्व्हेयरची मोटर वारंवार ओव्हरलोडवर ट्रिप होत असे आणि प्रत्येक पाळीत रिले रिसेट करून लाइन चालू केली जात असे. यांनी तिन्ही फेजचा करंट मोजला, एका फेजमधील तफावत पाहून कॉन्टॅक्टरपर्यंत माग काढला आणि टर्मिनलचा सैल झालेला जोड शोधून काढला. दुरुस्तीनंतर त्यांनी कारणासह त्याची नोंद पाळीच्या रजिस्टरमध्ये केली. मी तिथे असेपर्यंत त्या मोटरची ती तक्रार पुन्हा आली नाही. लाइन किती वेळात सुरू होईल हे ते विचारण्यापूर्वीच सांगत, आणि त्यावर मला पुढचे नियोजन करता येत असे.

पीएलसीबाबत, त्यांना लॅडर पाहून बिघाड शोधताना मी पाहिले आहे. नवा प्रोग्रॅम लिहिताना पाहिलेले नाही, आणि तो अनुभव नसल्याचे ते स्वतःही सांगतात. आपल्या जागेसाठी प्रोग्रॅमिंग आवश्यक असेल तर ही बाब आपण विचारात घ्यावी.

2021 नंतरचे त्यांचे काम मी पाहिलेले नाही. त्या वर्षानंतर रेझ्युमेत चौदा महिन्यांचा खंड आहे. तो कौटुंबिक कारणाने पडला होता आणि त्याबद्दल ते स्वतः सांगतील.

त्यांनी दिलेल्या माहितीनुसार नोटीसचा काळ 30 दिवसांचा आहे, तिन्ही पाळ्यांत काम करण्याची तयारी आहे आणि ते कामठीला राहतात. नोकरी बदलण्याचा विचार त्यांनी सध्याच्या ठिकाणी कळवलेला नाही, त्यामुळे तिथे आताच विचारणा होऊ नये अशी त्यांची विनंती आहे.

त्यांना मुलाखतीला बोलवावे असे माझे मत आहे. निर्णय अर्थातच आपला. काही विचारायचे असल्यास मी उपलब्ध आहे.

आपला,
(नाव, विभाग, अंतर्गत दूरध्वनी क्रमांक)

या मसुद्यातील काही जागांबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे.

मैत्री आणि रेफरलची रक्कम पहिल्याच परिच्छेदात येते, याचे अनेकांना अवघड वाटते. पण ही गोष्ट विभागप्रमुखांना कधी ना कधी कळणारच असते. ती तुमच्याकडून आधी कळली तर माहिती ठरते, मागून कळली तर पुढचे सगळे परिच्छेद ते त्या रकमेच्या चष्म्यातून पुन्हा वाचतात. एका ओळीत सांगावे आणि पुढे जावे. ‘मी पैशासाठी करत नाही’ असे स्पष्टीकरण जोडू नये, कारण त्याने उलटाच परिणाम होतो.

प्रसंग एकच आणि पूर्ण द्यावा. तीन प्रसंगांचे उल्लेख करण्यापेक्षा एका प्रसंगात काय मोजले, काय सापडले आणि नंतर काय झाले हे सांगितले, तर मेंटेनन्स हेडसारखा जाणकार माणूस त्यातून स्वतःच निष्कर्ष काढतो. ओव्हरलोड रिले पुन्हा पुन्हा ट्रिप होत असताना त्याचे सेटिंग वाढवून लाइन रेटणारे लोक त्यांनी पाहिलेले असतात, आणि तशाने शेवटी मोटरच जळते हेही त्यांना माहीत असते. त्यामुळे ‘तिन्ही फेजचा करंट मोजला’ या चार शब्दांत त्यांना जे कळते ते ‘तांत्रिकदृष्ट्या सक्षम’ या शब्दांत कळत नाही. इथे एक पथ्य पाळावे लागते. जुन्या कारखान्यातील उत्पादनाचे आकडे, ग्राहकांची नावे किंवा प्रक्रियेचे तपशील प्रसंगात येऊ देऊ नका. जो माणूस जुन्या कंपनीची माहिती सहज लिहून टाकतो तो उद्या आपलीही बाहेर नेईल, असा विचार वाचणाऱ्याच्या मनात यायला वेळ लागत नाही.

चौदा महिन्यांच्या खंडाबाबत लोक दोन टोकांना जातात. काही जण तो लपवतात, म्हणजे रेझ्युमेत महिने गाळून फक्त वर्षे लिहायला सांगतात. पुढे पार्श्वभूमी पडताळणीत अनुभवपत्र आणि भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी मागितल्या गेल्या, की तारखा समोर येतातच, आणि मग खंडापेक्षा लपवाछपवी मोठी ठरते. दुसरे टोक म्हणजे सगळे सांगून टाकणे: वडिलांचा आजार, उपचारांचा खर्च, घरातील परिस्थिती. यामागे सहानुभूती मिळवण्याचा हेतू असतो, पण ती माहिती तुमची नाही. मेल पुढे कितीजणांकडे जाईल हे तुमच्या हातात नसते आणि मित्र रुजू झाल्यावर पहिल्या दिवशी कँटीनमध्ये कोणी त्याच्या वडिलांची चौकशी केली, तर त्याला काय वाटेल याचा विचार करावा. ‘कौटुंबिक कारण’ एवढेही त्याच्या परवानगीने लिहावे. उणीव सांगण्याचा प्रामाणिकपणा कामाशी संबंधित आणि तुम्ही पाहिलेल्या गोष्टींपुरता असतो. मित्राच्या घरातील गोष्टी त्यात येत नाहीत. सध्याचा पगार आणि अपेक्षित पगारही मेलमध्ये लिहू नये. ती बोलणी त्याची आणि मनुष्यबळ विभागाची आहेत, आणि तुम्ही लिहिलेला आकडा त्यांच्यासाठी कमाल मर्यादा होऊन बसतो.

सध्याच्या ठिकाणी विचारणा होऊ नये हे वाक्य नागपुरात तरी कधीच गाळू नका. मेंटेनन्स हेड आणि मित्राचा सध्याचा कॉन्ट्रॅक्टर एकमेकांना ओळखत असण्याची, किंबहुना त्याच कॉन्ट्रॅक्टरने तुमच्या कारखान्यात शटडाउनचे काम केलेले असण्याची शक्यता चांगलीच असते. ‘अरे, तुमच्याकडचा अमुक कसा आहे?’ असा एक फोन सहज होतो, त्यात कोणाचा वाईट हेतूही नसतो, आणि इकडे मुलाखतीची तारीख ठरण्यापूर्वीच तिकडे त्या माणसाचे काम काढून घेतले जाते. असे एक प्रकरण मी जवळून पाहिले आहे. त्या उमेदवाराची इकडेही निवड झाली नाही. याच्या जोडीला आणखी एक गोष्ट तपासा: तुमच्या कंपनीचा आणि त्या कॉन्ट्रॅक्टरचा करार चालू असेल, तर एकमेकांची माणसे ठराविक काळ घ्यायची नाहीत असे कलम त्यात असू शकते. ते मनुष्यबळ विभागाला विचारूनच पुढे जावे.

कामठीचा उल्लेख मुद्दाम केला आहे. कामठी शहराच्या उत्तरेला आणि बुटीबोरी दक्षिणेला वर्धा रस्त्यावर, म्हणजे अख्खे नागपूर ओलांडून रोजची ये-जा. पाळीच्या कामात रात्री अचानक बोलावणे येते, तेव्हा विभागप्रमुखांच्या मनात पहिला प्रश्न हाच उभा राहतो आणि ते तो तुम्हाला विचारतातच असे नाही. रेझ्युमेवरचा पत्ता पाहून गठ्ठ्यात खाली सरकवतात. मित्र बुटीबोरीत खोली घेण्यास तयार असेल, किंवा कंपनीची बस त्याच्या वाटेवरून जात असेल, तर त्याला विचारून तेही लिहा. तो तयार नसेल तर पत्ता तेवढा सांगा आणि थांबा.

आता पाठवण्याच्या पद्धतीबद्दल. मित्राने तुम्हाला पाठवलेला मेल तसाच फॉरवर्ड करू नका. खाली तुमचे दोघांचे जुने संभाषण लटकलेले असते, आणि त्यात ‘बघ रे, कुठंही लावून दे, इथं आता जमत नाही’ असे वाक्य असले तर वर तुम्ही लिहिलेल्या सगळ्या मजकुरावर ते एकटे भारी पडते. रेझ्युमे उतरवून घ्या, वर्ड फाइल असेल तर त्यात दुरुस्त्यांच्या खुणा किंवा शेरे राहिलेले नाहीत हे पाहा, पीडीएफ करा, फाइलला मित्राचे नाव आणि पदाचे नाव द्या, आणि नवा मेल लिहून त्याला जोडा. मेलची प्रत मनुष्यबळ विभागातील संबंधित व्यक्तीला उघडपणे द्या. मित्राला मात्र गुप्त प्रत पाठवू नका; अंतर्गत मेल बाहेरच्या पत्त्यावर जाणे अनेक कंपन्यांच्या नियमांत बसत नाही, आणि विभागप्रमुखांना ती प्रत दिसली नाही तरी मेल बाहेर गेल्याची नोंद राहते. मित्राला मजकुराचा आशय तोंडी सांगा, विशेषतः पीएलसीचा परिच्छेद. मुलाखतीत तो वेगळे बोलला तर तुम्ही दोघेही अडचणीत याल, आणि काही चुकीचे लिहिले असेल तर दुरुस्तीची संधीही तुम्हाला याच वेळी मिळते.

आपल्याकडे हे सगळे टाळून व्हॉट्सअ‍ॅपवर रेझ्युमे टाकून ‘सर, जरा बघून घ्याल’ म्हणण्याची प्रथा आहे. त्या चार शब्दांत शिफारस नसते, उपकाराची मागणी असते, आणि ती नाकारणे विभागप्रमुखांना अवघड जाते म्हणून ते सहसा उत्तरच देत नाहीत. त्यांनीच व्हॉट्सअ‍ॅपवर मागितला तर जरूर पाठवा, पण मेल आधी गेलेला असू द्या.

मेल गेल्यावर बहुधा फोन येतो किंवा जिन्यात गाठ पडते, आणि प्रश्न साधारण असा असतो: ‘तुझ्या विभागात घेतला असता का त्याला?’ या प्रश्नासाठी तयार राहा, कारण लिहिलेल्यापेक्षा या उत्तरातल्या क्षणभराच्या अडखळण्याला ते अधिक महत्त्व देतात. उत्तर ‘हो’ असेल तर कोणत्या कामासाठी, तेही सांगा: ‘बिघाड शोधण्यासाठी हो, नवीन ऑटोमेशनसाठी नाही.’ ‘आधीची नोकरी का सोडली?’ असे विचारले तर तुम्हाला जे प्रत्यक्ष ठाऊक आहे तेवढेच सांगा आणि बाकीचे त्यालाच विचारावे असे सुचवा. मुलाखत मंडळावर उत्पादन विभागाचा प्रतिनिधी म्हणून तुमचे नाव आले तर स्वतःहून बाजूला व्हा आणि तसे मेलवर कळवा. मुलाखतीत काय विचारले जाते हे तुम्हाला आधीच्या उमेदवारांकडून कळले असले तरी ते मित्राकडे पोहोचवू नका. पदाची माहिती, पाळ्यांची रचना, कारखान्यात कोणत्या प्रकारची मशीन आहेत हे सांगायला हरकत नाही, कारण ते कोणत्याही उमेदवाराला विचारून कळू शकते.

उत्तर आले नाही तर साधारण दोन आठवडे थांबून एकदाच विचारा, आणि तेही विभागप्रमुखांना नव्हे तर मनुष्यबळ विभागाला. विचारताना ‘घेणार आहेत का?’ असे न विचारता ‘रेझ्युमे कोणत्या टप्प्यावर आहे?’ असे विचारा, कारण पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांना देता येत नाही आणि दुसऱ्याचे पोर्टलवर पाहून लगेच देता येते. नकार आला तर त्याची कारणे मित्राच्या वतीने विभागप्रमुखांकडे मागू नका. पुढच्या जागेच्या वेळी तुमचा मेल उघडताना त्यांना ती उलटतपासणी आठवेल. मित्राला नकार कळवण्याचे काम मनुष्यबळ विभागाचे आहे. अधिकृत निरोप गेल्याची खात्री करून घेतल्यानंतरच तुम्ही त्याला फोन करा.